आंघोळीआधी तांब्या हातात

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. सहा वर्षांची मुलगी, गरोदरपणात आईला झालेल्या रुबेलामुळे जन्मतःच मोतीबिंदू आणि बहिरेपण. ऑपरेशननंतर चष्म्यातून उजेड आणि जवळच्या मोठ्या वस्तूंचे आकार तेवढे दिसतात. आंघोळीला न्यायला गेलं की किंचाळते, चावते, आणि म्हणून आई आणि आजी दोघी मिळून तिला धरून आंघोळ घालतात. तू विचारलंयस, सुरुवात अक्षरांनी करू की खुणांनी? मी म्हणेन, आंघोळीनेच कर. रोज होणारी गोष्ट आहे, क्रम ठरलेला आहे, आणि घरच्यांनाही तीच अडचण सुटायला हवी आहे.

आधी हे बघ की आंघोळीला काय काय काढून ठेवलं जातं: चष्मा आणि श्रवणयंत्र. म्हणजे तिच्याकडे जे थोडंफार दिसणं-ऐकणं आहे तेही नेमकं त्या वेळी जातं. ती जमिनीवर बसून आपल्या मांडीवर हात आपटत असते. अचानक कुणीतरी मागून काखेत हात घालून उचलतं, कपडे उतरतात, पायाखाली थंड फरशी येते आणि डोक्यावरून पाणी कोसळतं. कोणी उचललं, कुठे आणलं, पाणी अजून किती वेळ पडणार, यातलं काहीच तिला आधी कळत नाही. मग चावणं हे तिचं एकमेव उत्तर उरतं. तिला हट्टी म्हणणाऱ्या पाहुण्यांना तू हा क्रम सावकाश सांग, समजतं त्यांना.

तर पहिलं काम, आपण कोण आहोत हे सांगणं. समोरून किंवा बाजूने जा, मागून नको. तिच्या दंडावर हात ठेव, सगळा तळवा, जरा दाबून, आणि क्षणभर तसाच राहू दे. बोटांच्या टोकांनी केलेला हलका स्पर्श गुदगुल्यांसारखा लागतो आणि अशी मुलं त्याने दचकतात. मग तिचा हात तुझ्या ओळखीच्या वस्तूपाशी येऊ दे. आजीच्या बांगड्या, बाबांच्या घड्याळाचा पट्टा, आईचं मंगळसूत्र हे घरात आहेच. तू स्वतःसाठी एक जाड कडं घे आणि तिच्याकडे जाताना रोज तेच घाल. अत्तराच्या किंवा साबणाच्या वासावर भरवसा ठेवू नकोस, तो बदलतो आणि खोलीत रेंगाळतो. उठून जातानाही दंडावर तसाच हात ठेवून मग जा. न सांगता निघून गेलीस तर ती हात पुढे करून तुला शोधत बसते आणि पुढच्या वेळी तुझ्या येण्यावर विश्वास ठेवत नाही.

आता तांब्या. आंघोळीची खूण म्हणून तोच घे, कारण मोरीत तोच तिच्या अंगाशी येतो. रोज तोच तांब्या, आणि तो पाणी प्यायला वापरायचा नाही, हे आजीला नीट सांग. मोरीत न्यायच्या आधी, ती जिथे बसली असेल तिथेच, तो तिला दे. देण्याची रीत महत्त्वाची आहे. तिचं मनगट धरून हात तांब्यावर दाबायचा नाही. तू तिच्या शेजारी किंवा मागे, तिच्याच दिशेला तोंड करून बस. तुझा हात खाली, तिचा हात तुझ्या हातावर. तुझा हात तांब्यापर्यंत जातो, तिची बोटं त्यावर स्वार होऊन येतात. तांब्याला हात लागला की तू तुझी बोटं हळूहळू मागे घे, म्हणजे तिची बोटं घसरून काठावर उतरतील. तिला नको असेल तर हात उचलून घ्यायची वाट मोकळी आहे, आणि तिने तो उचलला तर उचलू दे.

वरून हात धरून करवून घेतलं की काय होतं, ते तुला तिच्या बोटांत दिसेल. एक तर मूठ घट्ट होते, कोपर अंगाशी येतं. नाहीतर हात लुळा पडतो. लुळ्या हाताला लोक ‘आता ऐकायला लागली’ म्हणतात, पण तिथे तिने स्वतः शोधणं सोडलेलं असतं. या मुलांचे हात आजवर औषधाकडे, सुईकडे, चिकट घासाकडे ओढले गेलेले असतात. काहीही शिवायला नको असणं बऱ्याचदा तिथून आलेलं असतं.

तांब्या हातात आल्यावर थांब. मनातल्या मनात दहापर्यंत मोज, कधी वीसपर्यंत मोजावं लागेल. नव्या कार्यकर्त्यांना हे सगळ्यात जड जातं. ती एकदम स्तब्ध झाली, श्वास धरला, मान दुसरीकडे वळवली, तर तिचं लक्ष नाही असं समजू नकोस. बधिरांध मूल लक्ष देताना बरेचदा असंच गोठतं. त्या वेळी दुसरा स्पर्श केलास की पहिला पुसला जातो.

मग चालत मोरीपर्यंत, तांब्या तिच्याच हातात. तिथे पाणी डोक्यावर घ्यायचं नाही. आधी तुझ्या हातावर ठेवलेला तिचा हात बादलीत बुडू दे. मग पायाच्या वरच्या भागावर दोनदा दाब, थांबणं, आणि पायावर पाणी. गुडघ्यावर दोनदा दाब, थांबणं, गुडघ्यावर पाणी. असं खांद्यापर्यंत. डोकं सगळ्यात शेवटी, टाळूवर दाबून झाल्यावर. दाब नेहमी त्याच जागी जिथे पाणी पडणार आहे. आंघोळ झाली की तांब्या तिच्या हाताने कोपऱ्यातल्या टोपलीत, उपडा. ही टोपली ‘संपलं’ची. ती फार कामाची आहे, कारण संपणार आहे हे कळलं की निम्मं किंचाळणं कमी होतं.

वस्तूंनी दिवसाचा क्रम सांगायची ही पद्धत नेदरलँड्समध्ये यान व्हान डाइक यांनी रुबेलाच्या बधिरांध मुलांबरोबर काम करताना घडवली. पुढे त्यातूनच ओळीने मांडलेल्या खोक्यांचं वेळापत्रक करता येतं: पहिल्यात तांब्या, दुसऱ्यात ताटली, तिसऱ्यात बाहेर जायची चप्पल. पण ते नंतर. आज एकच वस्तू.

एका चुकीकडे लक्ष ठेव. उत्साही घरात कुणीतरी बसच्या प्रवासासाठी खेळण्यातली बस आणतं. डोळ्याला ती बस आहे. तिच्या बोटांना ते चार चाकं असलेलं गुळगुळीत प्लास्टिक आहे आणि एसटीशी त्याचा काहीही संबंध नाही. एसटीत तिच्या हाताला दांडा लागतो, तर दांड्याच्या जाडीचा पाइपचा तुकडा घ्या. झोक्यासाठी दोरीचा तुकडा. वस्तू निवडताना डोळे मिटून हाताला विचारायचं.

दुसरी चूक खुणांच्या गर्दीची. आई खांद्यावर थोपटून ‘चल’ म्हणते, आजी खांद्यावर थोपटून ‘शाब्बास’ म्हणते, शेजारची मावशी खांद्यावर थोपटून नुसती लाड करते. तिच्यासाठी तो एकच स्पर्श आहे, म्हणजे अर्थ शून्य. सुरुवातीला चारपाच खुणाच ठरवा, कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावा: कुठे, कितीदा, कशासाठी. खूण समजली का, हे ओळखायचा एक मार्ग आहे. खूण दे आणि पुढची कृती करू नकोस. गुडघ्यावर दाबलंस आणि पाणी टाकलं नाहीस, तर ती पाय पुढे करते का, आवाज काढते का, तुझा हात शोधते का? केलं तर तिला खूण कळली. शिवाय तिने मागितलंही. तेव्हा लगेच पाणी टाक, तिच्या मागण्याचं उत्तर तिला मिळायला हवं.

एखाद्या दिवशी ती तांब्या भिरकावून देईल. घरचे घाबरतील, ‘पुन्हा पहिल्यासारखं झालं’ म्हणतील. तू मात्र ते वहीत तारखेसह लिहून ठेव. तांब्या म्हणजे आंघोळ हे कळल्याशिवाय तांब्याला नकार देता येत नाही. पहिल्या नकाराला मान दे, दहा मिनिटं थांबून पुन्हा तांब्या दे. पण आंघोळ टाळता येणार नाही असा दिवस असेल तर उगाच विचारल्यासारखं करू नकोस. तिथे पर्याय दुसऱ्या गोष्टीचा दे: साबण की उटणं, दोन्ही हातात देऊन.

अक्षरांचं लोक विचारतीलच, कारण हेलन केलर आणि पाण्याचा पंप सगळ्यांना माहीत आहे. १८८७ मध्ये अॅन सुलिव्हान यांनी तिच्या तळहातावर बोटांनी ‘वॉटर’ची अक्षरं उमटवली आणि तिला शब्द उमगला, ते खरं. पण हेलन १९ महिने बघत-ऐकत वाढली होती. आणि शिक्षिका येण्याआधीच तिने घरात स्वतःच्या खुणा तयार केल्या होत्या. पाव हवा तर पाव कापून लोणी लावल्याची कृती, आइस्क्रीम हवं तर यंत्र फिरवल्यासारखं करून कुडकुडणं. या खुणा अंगाला आणि हाताला आलेल्या अनुभवातून निघालेल्या होत्या, दिसण्यातून नव्हे. तुझ्या मुलीची पहिली खूणही अशीच असेल, कदाचित तांब्या ओतल्याची. तिने तसा हात हलवला तर तोच घरचा शब्द करा, तुझ्या पुस्तकातला तिच्यावर लादू नकोस.

तू लिहिलेल्या त्या तरुणाचं मात्र वेगळं आहे. तो कर्णबधिर शाळेत शिकला, इंडियन साइन लँग्वेज त्याची भाषा आहे, आणि अशर सिंड्रोममुळे नजर आता आक्रसत चाललीय. त्याला तांब्याची गरज नाही. आधी चांगल्या उजेडात, छातीसमोरच्या लहान जागेत खुणा कर. पुढे तो तुझं मनगट धरून बघेल, त्याही पुढे त्याचे हात तुझ्या हातांवर येतील. बोटलिपीत इंग्रजीचे पाच स्वर आपण अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या पाच टोकांवर दाखवतो, ते थेट त्याच्याच बोटांवर दाखवता येतात. एक गोष्ट विसरशील म्हणून लिहिते: साइनमध्ये प्रश्न भुवयांनी विचारला जातो आणि त्याला तुझ्या भुवया दिसत नाहीत. प्रश्नाची खूण हाताने वेगळी कर, नाहीतर ‘आलास?’ त्याला ‘आलास’ म्हणून पोचेल. अशा बोलण्यात दोघांचेही खांदे लवकर भरून येतात, मध्ये थांबत जा.

आंघोळीचा व्हिडिओ काढू नकोस. तांब्या हातात दिल्यापासून मोरीच्या उंबऱ्यापर्यंतचाच काढ, आईची परवानगी घेऊन, आणि त्यात तिची बोटं नीट दिसू देत. मला तेवढंच बघायचंय. आणि पुढच्या भेटीत आजीला शेजारी बसवून तांब्या तिच्याकडून देऊन बघ. तू आठवड्यातून एकदा जाणार, आंघोळ रोज त्याच घालणार आहेत.

तुझी,
ताई