स्टॉलचा नंबर आणि खजिनदारांचं रजिस्टर

प्रश्न: आमच्या संघटनेचं औद्योगिक प्रदर्शन भरवायचंय. स्टॉल देताना आधी कुणाला विचारायचं, मोठी जागा घेणाऱ्याला की आधी पैसे भरणाऱ्याला? कॉर्नरला जादा दर किती लावावा?

आधी पैसे भरणाऱ्याला. पण बुकिंग उघडण्याआधीच नकाशावर मोठ्या जागा आखून ठेवलेल्या पाहिजेत.

नऊ चौरस मीटरचे दहा स्टॉल एका ओळीत आहेत असं धरा. पहिल्या तीन पैसे भरणाऱ्यांना प्रत्येकी एकच स्टॉल हवाय. त्यांनी 1, 4 आणि 7 नंबर मागितले आणि तुम्ही देऊन टाकले. चौथा आला, त्याला 36 चौरस मीटर सलग पाहिजे. ओळीत सात स्टॉल रिकामे, पण सलग चार कुठंच नाहीत. आता तुम्ही 7 नंबरवाल्याला फोन करणार, "जरा पलीकडं सरका की". त्यानं का सरकावं?

म्हणून 7 ते 10 हा तुकडा सुरुवातीलाच मोठ्यांसाठी बाजूला काढायचा आणि त्याला एक तारीख लावायची. तोवर पूर्ण पैसे आले नाहीत तर तो फोडून एकेरी स्टॉल करायचे. त्याचबरोबर 1 नंबरचा कॉर्नर फक्त नऊ मीटरवाल्यांसाठी राखायचा, नाहीतर सगळे कॉर्नर मोठे लोकच घेऊन जातात. एवढं झालं की प्रत्येक गटात पैसे भरल्याच्या क्रमानं रांग लावायची. अर्जात तीन पसंतीचे नंबर मागायचे. ज्याची पाळी येईल त्याला त्याच्या यादीतला पहिला रिकामा नंबर द्यायचा.

खरं भांडण 'पैसे भरले' म्हणजे काय यावर होतं, आणि ते मी भोगलंय.

आमचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, प्रायव्हेट लिमिटेड. इथल्याच एका प्रदर्शनात आम्ही नऊ मीटर बुक केले. भाडं 54,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 9,720, एकूण 63,720. कंपनी म्हणून भाड्यावर दोन टक्के टीडीएस कापला, 1,080 रुपये, आणि बुकिंग उघडलं त्याच सकाळी 62,640 एनईएफटीनं पाठवले. बँकेनं त्या व्यवहाराला दिलेला यूटीआर नंबर अर्जावर लिहिला. वाटपाच्या दिवशी बघतो तर आमचं नाव यादीच्या तळाला! खजिनदार म्हणाले, "तुमचं पेमेंट अपुरं आहे, टीडीएसचं सर्टिफिकेट आणा, मग धरू." अहो, ते सर्टिफिकेट तिमाही संपून रिटर्न भरल्यावर निघतं. तोवर प्रदर्शन उरकून मांडवाचे बांबूसुद्धा गेलेले असणार. आम्हाला जनरेटरशेजारची जागा मिळाली. गिऱ्हाईकाशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागत होतं. आम्ही मागितलेल्या कॉर्नरवर जो बसला त्यानं चेक दिला होता, तो वटायला पुढं बरेच दिवस गेले. पण खजिनदारांच्या रजिस्टरात चेक हातात आल्याची तारीख!

कापलेला टीडीएस हा सरकारकडं तुमच्या नावावर जमा होणारा पैसा आहे. तो संघटनेला मिळालेलाच धरायला हवा, हे मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो. तुमच्या नियमात तीन ओळी छापा. टीडीएस धरून पूर्ण रक्कम असेल तरच रांगेत नंबर. कापणाऱ्यानं हिशेबाचं पत्र द्यायचं, सर्टिफिकेट मागाहून. आणि क्रम बँकेत रक्कम जमा झाल्याच्या वेळेवरून लागेल, पावतीच्या किंवा चेकच्या तारखेवरून नाही. अर्धी रक्कम भरून जागा अडवणाऱ्यांना तर रांगेतच घेऊ नका. ते शेवटच्या आठवड्यात फिरवाफिरवी करतात.

वाटप झाल्यावर यादी सर्वांना दिसेल अशी लावा. जमा झाल्याची तारीख-वेळ, मीटर, मागितलेले तीन नंबर, मिळालेला नंबर. आमच्या प्रदर्शनात ती लावलीच नव्हती, आणि का लावली नव्हती ते तुम्हीच ओळखा.

आता दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. चालू मशीन घेऊन येणाऱ्यांना ही रांग जशीच्या तशी लागू होत नाही. त्यांना थ्री-फेज लागतो, हायड्रा क्रेन आत यायला वाट लागते. म्हणून त्यांचा पट्टा गेटजवळ वेगळा काढायचा आणि रांग त्या पट्ट्यातच लावायची. आणि पापड-कुर्त्यांचं ग्राहक प्रदर्शन असेल तर हे सगळं सोडा. तिथं सगळ्यांचा स्टॉल सारखाच, सरळ चिठ्ठ्या टाका.

कॉर्नरचा जादा दर दोन बाजू उघड्या असतील तर दहा टक्के लावतात असं मी तरी बघितलंय. एवढ्यानं कॉर्नरची मागणी कमी होत नाही. तुमचे खजिनदार कोण आहेत ते मात्र आधी बघून घ्या.