‘विकला नाही तोवर लॉस नाही’ म्हणणारा मुलगा

प्रश्न : मॅडम, तीन महिन्यांपूर्वी पहिल्यांदा शेअर घेतला. स्टॉपलॉस लावला होता पण भाव जवळ आल्यावर काढून टाकला, आता शेअर ३५ टक्के खाली आहे. विकला नाही तोवर लॉस नाही असं मित्र म्हणतात, पण रात्री झोप लागत नाही. थांबू का? आणि घरी सांगू का?

तुमचं वाचताना मला नाशिकचा एक मुलगा आठवला, वय २६, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला होता. माझ्याकडे आला तो झोपेची तक्रार घेऊन, शेअरचा विषय दुसऱ्या भेटीत निघाला. (ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

त्याने ४१२ ला २०० शेअर घेतले होते, स्टॉपलॉस ३९०, भाव तिथवर पडला की शेअर आपोआप विकला जावा म्हणून. म्हणजे चुकलंच तर ४,४०० रुपये जाणार, हे त्याने आधी वहीत लिहूनही ठेवलं होतं. भाव ३९३ ला आला तेव्हा तो कंपनीच्या बाथरूममध्ये फोन घेऊन उभा होता, त्याने मॉडिफाय दाबलं आणि ट्रिगर, म्हणजे विक्री सुरू होण्याचा भाव, ३७५ केला, का तर “आता इथून वळेल असं वाटलं”. दोन दिवसांनी ३७८ झाला तेव्हा ऑर्डरच कॅन्सल केली. मग कंपनीचे तिमाही निकाल वाईट आले आणि सकाळी शेअर थेट ३६१ लाच उघडला. पुढे ३४० ला त्याने अजून २०० घेतले, अ‍ॅव्हरेज ३७६ झाला म्हणून त्या दिवशी त्याला हलकंही वाटलं, पण माल डबल झाला होता. माझ्यासमोर बसला तेव्हा भाव २४८ होता. तोटा ५१,२०० रुपये.

मी त्याला म्हटलं, समज आज हे शेअर नाहीतच, त्यांच्या जागी ९९,२०० रुपये रोख खात्यात पडलेत, तर तू आज २४८ ला हाच शेअर घेशील का? तो लगेच म्हणाला, “छे, मॅडम, कंपनीत आता काही राहिलं नाहीये.” आणि मग गप्प झाला, बराच वेळ.

म्हणजे त्याने शेअर धरून ठेवला नव्हता, ३७६ हा आकडा धरून ठेवला होता. तिथे परत पोचायला २४८ वरून भाव ५१ टक्क्यांच्या वर चढायला हवा. आणि ३९० ला बाहेर पडला असता तर? राहिलेल्या पैशांवर ६ टक्क्यांच्या आत भरपाई झाली असती. बाजार तुमची खरेदीची किंमत बघत नाही हो, तुमच्या होल्डिंगची किंमत आजच्या भावानेच ठरते, विका नाहीतर नका विकू.

हे मूर्खपणाचं लक्षण नाही बरं का. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या दोन अभ्यासकांनी १९८५ मध्येच लिहून ठेवलंय की माणसं नफ्यातला शेअर घाईने विकतात आणि तोट्यातला धरून बसतात, कारण विकलं की ‘मी चुकलो’ हे कबूल करावं लागतं. त्या मुलाला ४,४०० रुपये जड नव्हते, वडिलांना “मला जमतं” म्हणून सांगितलेलं जड होतं.

त्याने दोन टप्प्यांत विकलं, अर्धे त्या आठवड्यात, उरलेले पुढच्या. नंतर भाव २७१ झाला आणि त्याचा फोन आला, आवाज पडलेला. मी विचारलं, आज २७१ ला घेशील? नाही म्हणाला. मग ठीक आहे म्हटलं.

तुमच्यासाठीही तोच प्रश्न, आणि उत्तर आज रात्री नको, बाजार बंद असताना शनिवारी कागदावर लिहा. उत्तर ‘हो’ आलं तर कारण लिहा, पण ‘आता अजून किती पडणार’ हे कारण धरायचं नाही. आणि कुठल्या भावाला हे कारण खोटं ठरेल तेही लिहा, तोच तुमचा नवा स्टॉपलॉस.

अजून एक, साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्याच दिवसापुरती असते, साडेतीनला बाजार बंद झाला की संपते, डिलिव्हरीच्या शेअरसाठी जीटीटी, म्हणजे बरेच दिवस टिकणारी ऑर्डर, लावावी लागते. तीही पक्की हमी नाही. ट्रिगर ३९० आणि लिमिट, म्हणजे त्याखाली विकायचं नाही असा भाव, ३८८ ठेवलं आणि शेअर ३६१ ला उघडला तर ऑर्डर तशीच लटकून राहते, लोअर सर्किट, म्हणजे त्या दिवशीची पडण्याची मर्यादा, लागलं तर घेणाराच नसतो. म्हणून शेअर किती घ्यायचे हे आधी ठरवावं. २,००० चाच तोटा झेपत असेल आणि स्टॉपलॉस २२ रुपये खाली असेल तर ९० शेअर, २०० नाही. तोटा झेपणारा असला की ऑर्डर कॅन्सल करायला बोट वळवळत नाही, हे मी बऱ्याच जणांत पाहिलंय.

घरी सांगा, हो. पण अंदाजे नको, आकडा घेऊन सांगा, किती घातले, किती उरले, कर्ज काढलंय का. त्या मुलाचे वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, अजून कुठे अडकलेत का. नाही म्हणाला तो, आणि ते खरं होतं. त्या रात्री पहिल्यांदा तो साडेदहाला झोपला.