विखुरलेल्या बिंदूंमधून स्प्रिंगचा स्थिरांक काढताना

प्रश्न: स्प्रिंगला वजनं लावून बल आणि लांबीतली वाढ मोजली. आलेखावर बिंदू एका रेषेत येत नाहीत, आणि दर वाचनाला F/x केलं की k वेगळाच येतो. सगळ्यांची सरासरी घेऊ की चढ काढू?

चढच काढा. सरासरीने उत्तर थोडंफार नाही, चांगलंच चुकू शकतं. आकडे घेऊनच बघू.

समजा ५० ग्रॅमपासून ३०० ग्रॅमपर्यंत ५०-५० ग्रॅमने वजन वाढवत नेलं. म्हणजे बल ०.४९, ०.९८, १.४७, १.९६, २.४५ आणि २.९४ न्यूटन. वाढ अनुक्रमे ०.९, २.६, ४.७, ६.८, ८.५ आणि १०.६ सेंमी मिळाली. आता दर वाचनाचा F/x काढा: पहिला ५४ न्यूटन प्रति मीटर, दुसरा ३८, तिसरा ३१ आणि शेवटचा २८ च्या आसपास. सहांची सरासरी येते जवळपास ३५.

इथे थांबून एक गोष्ट पाहा. हे आकडे वर-खाली होत नाहीत, एकाच दिशेने उतरत जातात. नुसत्या मोजणीच्या चुका असत्या तर काही जास्त, काही कमी आले असते. एकाच दिशेची घसरण असेल तर बहुतेक वेळा रेषा आरंभबिंदूतून जात नसते.

हेच बिंदू आलेखावर मांडा: आडव्या अक्षावर वाढ, उभ्यावर बल. पारदर्शक पट्टी ठेवून अशी रेषा ओढा की बिंदू तिच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखे विखुरतील. पहिला आणि शेवटचा बिंदू जोडायचा मोह टाळा. तसं केलंत तर मधली चार वाचनं घेतली काय, न घेतली काय, सारखंच. चढासाठीही वाचनांचे बिंदू वापरू नका. रेषेवरच्याच, एकमेकांपासून लांब असलेल्या दोन जागा निवडा. इथे रेषा १ सेंमीला ०.५४ आणि १० सेंमीला २.८० न्यूटन दाखवते. म्हणून

```
k = (2.80 - 0.54) / (10 - 1) = 0.251 N/cm = 25.1 N/m
```

शेवटी १०० ने गुणायचं राहून गेलं की k पॉइंटात येतो. ही चूक वह्यांमध्ये हमखास दिसते. अक्ष उलटे घेतले असतील, म्हणजे बल आडवं, तर k हा चढ नसून १ भागिले चढ. स्प्रेडशीटमध्ये SLOPE वापरताना आधी उभ्या अक्षाचे आकडे द्यायचे, मग आडव्या.

आता रेषा मागे वाढवा. ती बलाच्या अक्षाला सुमारे ०.२९ न्यूटनवर छेदते. घट्ट वेटोळ्यांच्या स्प्रिंगमध्ये वेटोळी एकमेकांवर दाबून बसलेली असतात. त्यांना सुटं करायलाच इतकं बल, म्हणजे साधारण ३० ग्रॅम वजन, खर्ची पडतं. खरी वाढ त्यानंतर सुरू होते. समीकरण F = kx नसून F = F₀ + kx असतं. F/x मध्ये हा F₀ सुद्धा x ने भागला जातो, म्हणून वाढ लहान असताना k इतका फुगतो. रेषा जबरदस्तीने आरंभबिंदूतून नेली तर k २९ च्या घरात जातो, म्हणजे सुमारे १५ टक्के जास्त. चढावर मात्र F₀ चा परिणाम होत नाही. हँगरचं वजन बलात धरायचं राहिलं, पण त्याने झालेली वाढ मोजली गेली, तरी रेषा फक्त सरकते, चढ तोच राहतो.

उरलेला विखुरलेपणा खरा यादृच्छिक आहे. आपले बिंदू रेषेपासून जास्तीत जास्त दीड मिलीमीटर हटलेले आहेत. मिलीमीटरच्या पट्टीवर, डोळा दर्शकाच्या पातळीत नसेल किंवा वजन अजून डोलत असेल, तर एवढं होतंच. सगळ्या बिंदूंना जेमतेम सांभाळणारी सर्वांत उभी आणि सर्वांत सपाट रेषाही ओढा. त्यांचे चढ २५.७ आणि २४.५ आले, तर k = २५.१ ± ०.६ न्यूटन प्रति मीटर असं लिहा. २५.०८४ लिहिण्यात अर्थ नाही, वाचनांत तेवढी अचूकता नाहीच.

एक अपवाद मी नेहमी तपासायला सांगतो. शेवटचे दोन-तीन बिंदू रेषेच्या एकाच बाजूला वळत गेले, म्हणजे तेवढ्याच बलाला वाढ जास्त होऊ लागली, तर तो विखुरलेपणा नाही. वजनं एकेक करून काढा आणि पुन्हा वाचनं घ्या. उतरतानाची वाढ चढतानापेक्षा प्रत्येक ठिकाणी जास्त आली आणि रिकामी स्प्रिंग मूळ खुणेवर परतली नाही, तर ती कायमची ताणली गेली आहे. मग वळणारे बिंदू सोडून फक्त आधीच्या सरळ भागाचा चढ घ्या आणि किती बलापर्यंतचा तो आहे हे उत्तरासोबत नोंदवा.