ग्रंथी ‘बिघडतात’ की ‘जुळतात’?

प्रश्न: प्रोस्टेटच्या बायॉप्सीच्या स्लाइडचं एक चित्र आहे, त्याखाली मराठीत ओळ लिहायची आहे. मी लिहिलंय, ‘ग्रेड वाढत जाते तसतशी ग्रंथीची रचना बिघडत जाते.’ बरोबर आहे का? आणि ‘क्रिब्रिफॉर्म’ला काय म्हणावं, जाळीदार चालेल?

उत्तर: ‘बिघडणं’ खोटं नाही, पण मोघम आहे. दूध बिघडतं, घड्याळ बिघडतं, तब्येत बिघडते. काय झालं ते त्या शब्दातून कळत नाही. इथे तर नेमकं तेच सांगायचं आहे. मिनिआपोलिसचे पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाला ग्रेड देण्याची ही पद्धत मांडली, तेव्हा एकेका पेशीचं केंद्रक किती विद्रूप आहे हे त्यांनी हिशेबातच धरलं नाही. कमी ताकदीच्या भिंगाखाली ग्रंथी कशा दिसतात, एवढ्यावर त्यांनी १ ते ५ आकडे दिले. म्हणजे तुमच्या ओळीचा सगळा भार वर्णनाच्या शब्दांवर आहे. मी स्वतः ‘रचना’ फोडून दोन शब्द वापरतो: एकेका ग्रंथीची घडण आणि अनेक ग्रंथींची मांडणी.

आता ‘ग्रंथीची’. मराठीत प्रोस्टेटलाही ग्रंथी म्हणतात आणि तिच्या आतल्या, स्लाइडवर दिसणाऱ्या बारीक नळ्या-पिशव्यांनाही ग्रंथीच. त्यात एकवचन-अनेकवचन सारखं. ‘ग्रंथीची रचना बिघडते’ वाचून सामान्य वाचक अख्खं प्रोस्टेट वेडंवाकडं झालंय असं समजेल. म्हणून अवयवाला ‘प्रोस्टेट’च म्हणा आणि आतल्यांना ‘ग्रंथी’, तेही क्रियापदातून अनेकवचन कळेल असं: ग्रंथी लहान दिसतात, ग्रंथी जुळलेल्या आहेत.

‘जाते’ मला त्याहून जास्त खटकतं. ‘वाढत जाते, बिघडत जाते’ म्हटलं की डोळ्यांपुढे काळ येतो: आज ३, पुढच्या वर्षी ४. स्लाइड म्हणजे एका क्षणाचा काप. ३ आणि ४ त्यात शेजारी शेजारी नांदत असतात, आणि या ग्रंथीची ती ग्रंथी झाली असं चित्रावरून म्हणता येत नाही. त्यामुळे ‘होतात’च्या जागी ‘दिसतात’ लिहावं. ‘ग्रेडगणिक मांडणी वेगळी दिसते’ हे सुटसुटीत आणि खरं आहे.

मग शब्द कोणते? निरोगी ग्रंथीपासून सुरू करा. ती ऐसपैस असते, तिची आतली कड चुणीदार असते आणि भिंतीत पेशींचे दोन थर असतात. ग्लीसन ३ च्या ग्रंथी लहान, दाटीवाटीच्या, एकाच थराच्या, निरोगी ग्रंथींच्या मधल्या जागेत घुसलेल्या. पण प्रत्येक सुटी. ‘सुटी’ हा इथला कळीचा शब्द. शिकवताना आम्ही पेन्सिल देतो: प्रत्येक ग्रंथीभोवती स्वतंत्र गोल काढता आला तर ३. गोल काढता येतो, कारण दोन ग्रंथींच्या मध्ये थोडी का होईना गुलाबी आधार-ऊती असते आणि प्रत्येकीला स्वतःची पोकळी असते.

४ मध्ये पेन्सिल अडखळते. एकीचा गोल पुरा होण्याआधी दुसरीची पोकळी सुरू होते, मध्ये ऊतीचा मागमूस नाही. याला पुष्कळजण ‘चिकटलेल्या ग्रंथी’ म्हणतात. मला ते पटत नाही. चिकटलेल्या दोन पुऱ्यांना आपापल्या कडा असतात, सोडवता येतात. इथे भिंत सामाईक असते. जुळं केळं आठवा: एकाच सालीत दोन केळी. म्हणून ‘जुळलेल्या’.

क्रिब्रिफॉर्म हा त्याच घरातला पण वेगळा प्रकार. शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधली चाळणी आहे आणि मराठीतही चाळणीच हवी, जाळी नको. जाळीत नजर दोऱ्यांवर जाते. दोरे बारीक, मोकळी जागा जास्त. इथे उलट आहे. पेशींचा एक भरीव पुंजका, त्याला बाहेरून एकच कड आणि आत पंच मारल्यासारखी गोल भोकं. भोकांच्या मध्ये फक्त पेशी, आधार-ऊती नाही. ‘चाळणीसारखा पुंजका’ म्हणा. हा शब्द तोलून वापरा, कारण ग्लीसन यांच्या मूळ मांडणीत अशा काही चाळण्या ३ मध्येच होत्या. २००५ च्या आंतरराष्ट्रीय बैठकीत बहुतेक आणि २०१४ च्या बैठकीत सगळ्याच ४ मध्ये गेल्या. तुम्ही ‘चाळणी’ लिहिलंत की जाणकार ४ वाचतो.

४ चा आणखी एक प्रकार: अर्धवट घडलेल्या ग्रंथी, ज्यांची पोकळी नीट उघडलेलीच नसते. इथे फसगत होते. भेंडी चिरताना मधली चकती भोकांची येते, टोकाची जवळजवळ भरीव, भेंडी तीच. ३ ची धडधाकट ग्रंथीही टोकाशी कापली गेली तर स्लाइडवर पाच-सहा पेशींचा बिनपोकळीचा ठिपका दिसतो. म्हणून एखाद-दुसऱ्या ठिपक्यावरून कोणी ४ म्हणत नाही. असे बरेच ठिपके एकत्र आहेत का आणि त्याच तुकड्याच्या पुढच्या कापातही ते तसेच दिसतात का, हे पाहावं लागतं. तुमच्याकडे एकच चित्र असेल तर ‘अर्धवट घडलेल्या’ हे विशेषण जपून.

५ थोडक्यात. ग्रंथी म्हणावं असं काही नसतंच: पेशींचे सलग पट्टे, मुंग्यांच्या रांगेसारख्या ओळी, किंवा ऊतीत एकेकट्या पेशी. पुंजक्याच्या मधोमध मेलेल्या पेशींचा गाळ दिसला तरी ५. इथे ‘विखुरलेल्या ग्रंथी’ लिहू नका, विखुरलेल्या असतात त्या पेशी.

राहिला ‘ग्रेड’. कोशात ‘दर्जा’ सापडेल, पण टाळा. एका रुग्णाच्या थोरल्या भावाने मराठी सारांशात ‘उच्च दर्जाचा कर्करोग’ वाचून मला विचारलं होतं, “म्हणजे त्यातल्या त्यात चांगला ना, डॉक्टर?” आपल्याकडे उच्च दर्जाचा तांदूळ असतो, शिक्षण असतं. ‘श्रेणी’ थोडी बरी, ‘ग्रेड’ सगळ्यांत निर्धोक.

आकडेही शब्दांइतकेच जपायला हवेत. समजा सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग ८ मिलिमीटर लांब आहे; त्यात ६ मिलिमीटरभर सुट्या ग्रंथी, उरलेल्या २ मध्ये जुळलेल्या आणि चाळण्या. जास्त असलेला प्रकार आधी लिहायचा: ३ + ४ = ७, म्हणजे आजच्या पद्धतीत ग्रेड गट २. प्रमाण उलट असतं तर ४ + ३ = ७, आणि गट ३. बेरीज तीच, आजाराची चाल वेगळी. त्यामुळे ओळीत नुसतं ‘ग्लीसन ७’ लिहू नये. सुईच्या बायॉप्सीवर १ आणि २ हल्ली देत नाहीत, म्हणून बेरीज ६ पासूनच सुरू होते. ‘दहापैकी सहा’ वाचून माणूस हबकतो, प्रत्यक्षात ती सगळ्यांत खालची पायरी असते.

तुमच्या चित्रात ३ आणि ४ दोन्ही असतील असं धरून मी अशी ओळ देईन:

‘हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने रंगवलेला काप. डावीकडे लहान, सुट्या ग्रंथी. प्रत्येकीला स्वतःची पोकळी (ग्लीसन ३). उजवीकडे सामाईक भिंतीच्या जुळलेल्या ग्रंथी आणि खाली चाळणीसारखा एक पुंजका (ग्लीसन ४).’

चित्र छापताना कडेने कापणार असाल तर पुंजक्याची बाहेरची कड पूर्ण राहू द्या. ती कापली गेली की आतली भोकं सुट्या ग्रंथींसारखी वाटू लागतात.