ॲपवर फोटो घेऊन क्लेम ठरवतात तेव्हा 5 हजारांवर बोळवण का होते?

प्रश्न: मी खानापूरचा. ऊस ट्रॉलीला पुढून धडकलो, बंपर गेला. कंपनीने ॲपवर फोटो मागितले आणि 10 मिनिटात 5,000 मंजूर, गॅरेजवाला 24,600 सांगतोय. घेऊ का? पुढच्या वर्षी प्रीमियम पण वाढेल म्हणतात.

उत्तर:

अजून ॲपवर ‘मान्य’ दाबलं नसेल तर दाबू नका. मी बेळगावात बरीच वर्षं मोटार सर्व्हेचं काम करतोय, आणि हल्ली अशा फायली माझ्याकडे उशिरा येतात, सही झाल्यावर.

ॲपमध्ये फोटो तपासणाऱ्या कॉम्प्युटर मॉडेलला फक्त वरचा पत्रा आणि प्लास्टिक दिसतं. हा बंपर, हा डेंट, एवढा मोठा, म्हणजे रिपेअर की बदली, आणि त्याला दर लावायचा, बस. ट्रॉलीचा मागचा अँगल बंपरला लागतो तेव्हा बंपर आत दबून परत बाहेर येतो, वरून नुसता ओरखडा दिसतो, पण मागे एसीचा कंडेन्सर वाकलेला असतो आणि रेडिएटर धरणारी पट्टी सरकलेली असते. बोनेटची फट दोन्ही बाजूंना बोटाने मोजून बघा, एका बाजूला जास्त असेल तर आत नक्की काहीतरी हललंय. आणि आपल्याकडची तांबडी माती, गाडी न धुता फोटो काढला की चिखलाचा डाग कधी ओरखडा म्हणून धरला जातो आणि खरा डेंट मातीखाली झाकून जातो.

आता तुमचं एस्टिमेट बघू. गाडी तीन वर्षांवरची आणि झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कव्हर, नाही असं धरतो, जीएसटी बाजूला ठेवतो. बंपर 4,800, प्लास्टिक असल्यामुळे निम्मे म्हणजे 2,400 मिळतात. कंडेन्सर आणि पट्टी मिळून 10,800, तीन ते चार वर्षांच्या गाडीला धातूवर 25 टक्के कापतात, राहिले 8,100. मजुरी 5,000 पूर्ण. पेंटिंग 4,000, त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरून त्याचं निम्मं कापतात, म्हणजे 3,500 मिळतात. झाले 19,000, त्यातून आपण सक्तीने सोसायचे 1,000 वजा, हातात 18,000. म्हणजे गॅरेजवाल्याचे सगळे 24,600 पण मिळणार नाहीत, पण 5,000 हा आकडा कंडेन्सर न बघता काढलेलाय.

आणि खरा तोटा पुढे आहे. क्लेम घेतला की एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येते, क्लेम 5,000 चा असो की 18,000 चा. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ प्रीमियम 8,000 धरा आणि आत्ता तुम्ही 35 टक्क्यांवर आहात असं धरा. क्लेम न करता पुढच्या वर्षी 45 टक्के सूट असती, म्हणजे 3,600, ती गेली. त्याच्या पुढच्या वर्षी 50 ऐवजी 20 टक्के, अजून 2,400. दोन वर्षांत 6,000 गेले आणि हातात आले 5,000! त्यापेक्षा क्लेमच न केलेला बरा. 18,000 मिळणार असतील तर मात्र जरूर करा.

म्हणून आज कंपनीला ईमेल करा, ‘बंपर उतरवल्यानंतर प्रत्यक्ष री-इन्स्पेक्शन हवंय, तोपर्यंत रक्कम मान्य नाही’. बंपर उतरवतानाचा व्हिडिओ काढा आणि मोडके पार्ट गॅरेजमधून हलू देऊ नका. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, वकील लागत नाही, फी पण नाही.

प्रीमियमचं जे विचारलंत ते मला जास्त खटकतं. एनसीबीचं गणित सगळ्यांना सारखं, पण त्याशिवाय पिनकोड, गाडीचं मॉडेल, जुने क्लेम यावरून एक रिस्क स्कोअर काढतात आणि तो का वाढला हे कुणी सांगत नाही. निपाणीच्या एका शेतकऱ्याची केए-23 गाडी, दुरुस्ती कोल्हापुरात, कारण निपाणीकराला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ पडतं. फाईलवर शेरा काय, तर गॅरेज दुसऱ्या राज्यात, संशयास्पद. बेंगळुरूच्या गाडीला हा शेरा शोभेल हो, आपल्या सीमाभागात ते रोजचं जगणं आहे. असा शेरा पडला की क्लेम लांबतो, माणूस भांडतो, ते भांडणसुद्धा त्या भागाच्या हिशोबात जमा होतं, आणि उद्या शेजाऱ्याने कधी क्लेम केला नसला तरी त्याच पिनकोडचा म्हणून त्याला जास्त दर लागू शकतो.

तुमच्यावर असं होतंय का ते बघायचं असेल तर रिन्यूअलच्या वेळी तीच गाडी, तीच आयडीव्ही म्हणजे गाडीची विम्यातली किंमत, तोच एनसीबी ठेवून दोन कोटेशन काढा, एक खानापूरच्या पिनकोडवर आणि एक बेळगावातल्या टिळकवाडीच्या. थर्ड पार्टीचा आकडा दोन्हीकडे सारखाच येणार, तो सरकार ठरवतं, 1,000 ते 1,500 सीसीच्या कारला 2022 मध्ये 3,416 ठरवला होता. फरक ओन डॅमेजमध्येच असेल तर तो पिनकोडचा. दोन्हीचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीला लेखी कारण विचारा. हे कोटेशन फक्त तुलनेला हं, पॉलिसी घेताना पत्ता खराच द्या, नाहीतर उद्या तेच कारण काढून क्लेम अडवतील.

बंपर उतरवला की आतले फोटो इथेच टाका, काय बदलायला लागतंय ते सांगतो.