भिजलेलं सूत आलं तर

अक्कलकोट रोडला नवा कारखाना टाकलायस, म्हणून सांगतो. ट्रान्सपोर्टवाला घाई करतोच, पण पोती मोजून बघितल्याशिवाय बिल्टीवर सही करू नकोस. माझी 20 पैकी 3 पोती भिजलेली आली, तेव्हा बिल्टीवरच ‘3 पोती ओली’ लिहून ड्रायव्हरची सही घेतली. पोत्यावरचा लॉट नंबर आणि आतल्या सुताच्या कोनावरचा डाग एकाच फोटोत घेतला. त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याला बिल नंबरासकट कळवलं: “8 दिवसांत बदली माल द्या, नाहीतर 3 पोत्यांची क्रेडिट नोट.” सहाव्या दिवशी माल आला. तोवर भिजलेल्या पोत्यांतला एकही कोन वापरला नव्हता. एकदा ताणा काढला की डाग कोणाचा, हे सिद्ध करणं फार अवघड रे.