निशाणी 5

प्रश्न: एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉर्पोरेट फर्मची ऑफर हातात असताना न्यायाधीश होण्यासाठी जेएमएफसीच्या परीक्षेमागे लागणं वेडेपणा आहे का? कुणी असं केलंय का, आणि का?

मी केलंय. 2025 च्या ऑगस्टमध्ये माझ्या मैत्रिणीने हेच विचारलं होतं, जरा जास्त रागाने. तिला लिहिलेलं पत्र तिचं नाव काढून खाली टाकते.

प्रिय मैत्रिणी,

फोनवर मी नीट बोलले नाही, कारण तू "पैसे" म्हणालीस आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आताही नाही. सीनियर मला महिन्याला जे देतात त्यात गाडीचं पेट्रोल निघतं, तेही जून-जुलैत कमी, कारण पावसात मी एसटीने जाते. पण निर्णय पैशावरून झाला नाही, एका उसाच्या बिलावरून झाला. ते सांगते.

तुला आठवत असेल, मुंबईतल्या इंटर्नशिपमध्ये मला एका प्रकल्पाच्या जमिनींचं टायटल तपासायला बसवलं होतं. शेकड्यांनी सात-बारे. एक्सेलमध्ये गट नंबर, क्षेत्र, खातेदार, फेरफार, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. खातेदाराचं नाव जुळलं की मी 'क्लिअर' लिहायचे. कुठे दिवाणी दावा चालू दिसला तर 'लिटिगेशन, लो रिस्क'. हा 'लो' कुणी ठरवला, कशावरून, ते मला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग जानेवारीत सुट्टीत गावी आले आणि मामांच्या ओळखीने तालुक्याच्या कोर्टात एका वकिलांच्या मागे बसायला लागले. तिथे दोन चुलतभावांचा दावा होता. वादीचं नाव सात-बाऱ्यावर, स्वच्छ. मागणी एवढीच की प्रतिवादीने माझ्या कब्जाला हरकत करू नये. दाव्यासोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज, म्हणजे आपल्याकडच्या कोर्टात सगळे ज्याला निशाणी 5 म्हणतात तो. (वादपत्र निशाणी 1 असतं, आणि मनाईचा अर्ज इतका नेमाने पाचव्या नंबरावर येतो की नंबरच त्याचं नाव झालाय.) मी मनात शेरा मारूनही टाकला होता: क्लिअर.

वादीच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला समोरच्याला न ऐकता मनाई मागितली. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "रानात आत्ता काय आहे?" ऊस होता, तोडीला आलेला. "तोडीची तारीख कुणाच्या नावाने लागलीय?" यावर वादीकडे शांतता. मॅडमनी एकतर्फी हुकूम दिला नाही, प्रतिवादीला नोटीस काढली आणि चार दिवसांची तारीख दिली.

त्या चार दिवसांचं मोल मला नंतर कळलं. कारखान्याची टोळी एकदा पुढच्या रानात गेली की परत कधी येईल ते कुणाच्या हातात नसतं. उभा ऊस वाळतो, वजन घटतं. एकतर्फी मनाई मिळाली असती तर पुढे दावा कुणीही जिंकला असता, त्या हंगामाचं पीक दोघांच्याही हातून गेलं असतं.

प्रतिवादीने येताना तीन हंगामांची उसाची बिलं आणली. कारखान्याची नोंद, वजनपावत्या, त्यावर हाच गट नंबर आणि नाव त्याचं. त्याचं म्हणणं, वडिलांच्या हयातीत तोंडी वाटप झालं, फेरफार करायचा राहिला. आता बघ. वाटप खरंच झालं का, हे पुढे पुरावा होऊन, उलटतपास होऊन ठरेल, त्याला वर्षं लागतील. निशाणी 5 वर तो प्रश्नच नाही. तिथे तीन गोष्टी बघायच्या: प्रथमदर्शनी केस आहे का, मनाई दिल्याने कुणाची जास्त गैरसोय होते, आणि न दिल्यास भरून न येणारं नुकसान होईल का. जो कब्जा राखायला मनाई मागतो, त्याचा कब्जा दावा दाखल झाला त्या दिवशी होता असं प्रथमदर्शनी तरी दिसायला हवं. सात-बाऱ्याची नोंद महसूल संहितेच्या कलम 157 प्रमाणे खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. आणि इथे बिलं उलट बोलत होती.

अर्ज नामंजूर झाला. पण हुकुमाच्या शेवटी एक ओळ होती, आणि मी अडकले ती तिथे: प्रतिवादीने दावा संपेपर्यंत दर हंगामाच्या उसाच्या बिलाचा हिशेब कोर्टात दाखल करावा. म्हणजे उद्या वादी जिंकला तर त्याला मागायला आकडा हातात असेल. ही ओळ कुणीच मागितली नव्हती. मॅडमना ती सुचली.

माझ्या एक्सेलमध्ये असे किती 'क्लिअर' मी लिहिले असतील? तिथे माझं काम धोका मोजून वरच्याला कळवणं एवढंच होतं, आणि ते काम वाईट नाही, तू ते माझ्यापेक्षा चांगलं करतेस. मला मात्र ती शेवटची ओळ लिहायची आहे.

आता तुझा दुसरा मुद्दा, की दोन वर्षं फर्ममध्ये काढून मग परीक्षा दे. 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते अवघड केलंय. कनिष्ठ स्तराच्या न्यायाधीशपदासाठी, म्हणजे जेएमएफसीसाठी, तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. वर्षं तात्पुरत्या सनदेपासून मोजतात, पण दाखला दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाने द्यायचा आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. काचेच्या केबिनमध्ये करारनामे तपासणारीला कुठले न्यायाधीश ओळखणार? म्हणून पहिल्या दिवसापासून तालुका. आधी मला ही अट अन्यायाची वाटली होती, विशेषतः घरून तीन वर्षं पोसणारं कुणी नाही अशा मुलींसाठी. ते अजूनही वाटतं. पण टोळीची तारीख मला कुठल्या पुस्तकात सापडली असती, हेही खरं.

परीक्षा एमपीएससी घेते. पूर्व 100 गुणांची, मुख्यचे दोन पेपर शंभर-शंभरचे, मुलाखत 50 ची. पूर्वपरीक्षेच्या पाठांतराची मला धास्ती आहे, कलमांचे आकडे माझ्या डोक्यात टिकत नाहीत, आणि आता भारतीय न्याय संहितेने जुने पाठ असलेलेही मोडले. मुख्यसाठी मात्र रोज रात्री एक हुकूम लिहिते. दिवसभर कोर्टात ऐकलेला अर्ज घ्यायचा, डावीकडे मुद्दे, उजवीकडे निष्कर्ष, खाली कारणमीमांसा. खरा हुकूम आला की ताडून बघायचा. गेल्या महिन्यात अकरापैकी चार चुकले. चारही वेळा मी कागदावरच्या नावाला भुलले होते.

निवड झाली तर मूळ वेतन 77,840 पासून सुरू होतं, आईला तो आकडा सांगून ठेवलाय. नाही झाली तर मी तालुक्यात वकिली करत असेन आणि तू मला लग्नाला बोलवशील तेव्हा एसटीने येईन.

त्या चुलतभावांचं अपील जिल्हा न्यायालयात गेलंय. 14 तारखेला युक्तिवाद आहे, मी सुट्टी टाकून ऐकायला जाणार आहे.

तुझी,
मी

पत्र इथे संपतं. तुझ्यासाठी एवढंच: ऑफरला उत्तर देण्याआधी आठ दिवस जवळच्या तालुका कोर्टात मागच्या बाकावर बस, आणि निशाणी 5 चा युक्तिवाद असलेला दिवस निवड. बोर्ड ई-कोर्ट्सच्या साइटवर आदल्या दिवशी दिसतो.